पारदर्शक ओढणी कापून दुसऱ्या पार्श्वभूमीवर लावली की चिकटवल्यासारखी दिसते

काजवा

बहिणीचा एक फोटो आहे. मागे सपाट करडी भिंत, अंगावर काळा कुर्ता, केस मोकळे आणि मरून रंगाची नेटची ओढणी. एक पदर डोक्यावरून मागे गेलाय, दुसरा पंख्याच्या वाऱ्याने डावीकडे छान पसरलाय. मला ती संध्याकाळच्या तळ्याकाठी उभी करायची आहे. नव्या चित्रात वर उजळ आकाश आणि खाली झाडांची काळपट रांग आहे. पसरलेली ओढणी नेमकी दोन्हींवर येते, अर्धी आकाशावर आणि अर्धी झाडांवर.

फोटोशॉपमध्ये Select Subject केलं, मग Select and Mask मध्ये जाऊन ओढणीवर Refine Edge Brush फिरवला, Decontaminate Colors पण चालू केलं. केस बरे निघाले. ओढणी मात्र ओढणी राहिली नाही, मरून पुठ्ठा झाला. आत भिंतीचा करडेपणा तसाच, आणि आकाशावर असो की झाडांवर, रंग एकच. म्हणून ओढणीचा वेगळा लेयर करून त्याची Opacity ६० केली. मग दाट घड्यासुद्धा विरळ झाल्या आणि खांद्यातून तळं दिसायला लागलं! नक्की कुठे चुकतंय?

घाईत_आहे

चेहऱ्यावरची ओढणी काढायची असेल तर खालची त्वचा क्लोन करून भरावी लागेल. जाळी असेल तर सोपं नाही. दुसरा फोटो नाहीये का?

काजवा

काढायची नाहीये हो, ठेवायची आहे. :) आणि चेहऱ्यावर ती नाहीच.

उंटावरचा

Opacity कमी केलीस ते बरोबर केलंस, फक्त घड्यांवर मास्कमध्ये पांढऱ्या ब्रशने परत रंगव. आणि कड चिकटवल्यासारखी दिसते कारण ती कडक आहे. ४-५ पिक्सेल फेदर दे, पार्श्वभूमीत मिसळून जाईल. मी सगळ्या फोटोंना हेच करतो.

जुनाडबा

उंटावरचा, अर्धं पटलं. घडी जास्त दाट असते आणि मास्कमध्ये ती जास्त पांढरी हवी, हे खरंच. पण फेदर नको. पारदर्शक असणं आणि कड मऊ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हातात ओढणी धरून बघा, मधलं कापड विरळ असतं पण काठ सुरीने कापल्यासारखा स्पष्ट असतो. उलट काठाला कापड दुमडून शिवलेलं असतं, म्हणून तिथे ती मधल्यापेक्षा जास्त दाट दिसते. फेदर दिलं की नेमकी ती दाट रेघ विरघळते आणि ओढणीचा धूर होतो.

काजवा, चूक कडेला नाहीच, आत आहे. ओढणीतल्या प्रत्येक पिक्सेलमध्ये दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत: थोडं कापड आणि थोडी जुनी भिंत. तुम्ही कापून आणलंत तेव्हा भिंतही सोबत आली. Opacity कमी केलीत तेव्हा कापड आणि भिंत दोन्ही सारखीच फिकी झाली, भिंत काही गेली नाही. Decontaminate Colors शेजारच्या शुद्ध रंगाच्या पिक्सेलवरून कडेचा रंग ठरवतं. केसांना ते चालतं, कारण बटेच्या आत शुद्ध केस सापडतात. नेटमध्ये हातभर जागेत एकही शुद्ध पिक्सेल नाही, मग ते बिचारं कोणाकडून उसनं घेणार?

आधी एक वाटणी करा. जिथे ओढणी केसांवर, कुर्त्यावर, खांद्यावर आहे तिथे ती पारदर्शक करायची गरजच नाही. तिच्यातून जे दिसतंय ते बहिणीचंच अंग आहे आणि ते बहिणीसोबत तसंच जाणार. तो भाग पूर्ण अपारदर्शक ठेवा. खांद्यातून तळं दिसायचं थांबेल. आपलं सगळं काम फक्त भिंतीवर पसरलेल्या तुकड्यापुरतं आहे.

आता तीन ठिकाणचे आकडे द्या. Eyedropper ची Sample Size `5 by 5 Average` ठेवा आणि Info पॅनलमध्ये वाचा: (१) मोकळी भिंत, (२) भिंतीवरची एकपदरी ओढणी, घडी नसलेली, (३) केसांवरची एकपदरी ओढणी आणि तिच्या शेजारचे उघडे केस.

फुकटछंदी

गिंपमध्ये Color to Alpha म्हणून आहे. भिंतीचा रंग दिला की भिंत निघून जाते, ओढणी पारदर्शक उरते. दोन मिनिटांचं काम. एवढी आकडेमोड कशाला?

काजवा

जुनाडबा, हे घ्या. एखाददुसऱ्याचा फरक होता, तो सरासरीत घेतला.

भिंत: १५०, १५०, १५०
भिंतीवर ओढणी: ११८, ७४, ८२
उघडे केस: साधारण २५, २५, २५
केसांवर ओढणी: ६८, २४, ३२

जुनाडबा

भाग्यवान आहात. एकाच फोटोत तीच ओढणी उजळ भिंतीवरही आहे आणि काळ्या केसांवरही. म्हणजे एकच कापड दोन पार्श्वभूमींवर फुकटात मिळालं. कापडातून मागचं किती येतं ते यावरून थेट निघतं. मागचा रंग १५० वरून २५ वर आला, म्हणजे १२५ ने पडला. ओढणीचा लाल आकडा ११८ वरून ६८ वर आला, म्हणजे ५० ने पडला.

```
t = (118 - 68) / (150 - 25) = 50 / 125 = 0.40
```

हिरव्यात आणि निळ्यातही वजाबाकी ५० च येते, म्हणजे आकड्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. मागचं ४० टक्के पोहोचतं, उरलेलं ६० टक्के कापड. आता भिंतीचा हिस्सा वजा करा: १५० चे ४० टक्के ६०. ११८, ७४, ८२ मधून ६० गेले की ५८, १४, २२ उरतात. हा कापडाचा स्वतःचा प्रकाश. त्याला ०.६० ने भागलं की कापडाचा खरा रंग मिळतो: ९७, २३, ३७. फोटोत दिसतो त्याहून बराच गडद आणि लालभडक. डोळ्याला फसवत होती ती भिंत.

नव्या जागी याचं काय होईल ते बघा. आकाश २२०, १९०, १६० धरलं तर ओढणी १४६, ९०, ८६ दिसायला हवी. झाडं ३०, ३५, ३० धरली तर ७०, २८, ३४. तुमच्या कापलेल्या तुकड्यात दोन्ही ठिकाणी ११८, ७४, ८२ आहे. डोळा 'चिकटवलंय' म्हणतो तो यालाच, कडेला नव्हे.

घडीचंही यातूनच निघतं. एका पदरातून ४० टक्के जातं, तर दोन पदरांतून ४० चे ४० टक्के, म्हणजे १६. तिथे कापड ८४ टक्के झालं. सगळ्या ओढणीला एकच Opacity दिली की ही चढण सपाट होते.

उंटावरचा

डबा, मग Multiply का नाही? भिंत Divide ने पांढरी करायची आणि लेयर Multiply वर टाकायचा. जाळी आपोआप झिरझिरीत होते. मी केलंय असं, भारी दिसतं.

जुनाडबा

आकाशावर भारीच दिसेल. झाडांवर ओढणी गायब होईल. Multiply मागचं फक्त काळवंडवतं, स्वतःचा प्रकाश काही घालत नाही. या आकड्यांनी करून बघा, झाडांवर २४, १७, १६ येतात. म्हणजे नुसता काळोख, मरून नावालाही नाही. खरी ओढणी अंधारासमोरही मरूनच दिसते, कारण धाग्यांवर समोरून उजेड पडतो. नवी पार्श्वभूमी सगळीकडे उजळ असेल तर तुमची युक्ती झकास आणि झटपट आहे. इथे झाडं आहेत.

फुकटछंदी, Color to Alpha ची गोची वेगळी. कापड जितकं पारदर्शक मानता येईल तितकं मानून ते मोकळं होतं. या आकड्यांवर ते ६० ऐवजी ५१ टक्क्यांच्या आसपास दाटपणा देईल आणि हिरवा शून्यावर नेईल. भिंतीसमोर परत ठेवलं तर तंतोतंत जुळेल, म्हणून शंका येत नाही. झाडांवर मात्र ओढणी विटलेली दिसते. गिंप २.१० पासून त्यात Opacity threshold आहे, ते हळूहळू खाली आणून बरंच सुधारतं. पण खाली किती आणायचं ते ठरवायला शेवटी हेच आकडे लागतात. :)

आता कृती. काजवा, Channels मध्ये Green ची प्रत काढा. मरून कापड आणि करडी भिंत यांत सर्वात जास्त फरक हिरव्यातच आहे, आणि बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर हिरवे ठिपके दुप्पट असल्याने दाणेही तिथे कमी असतात. प्रत `Ctrl+I` ने उलटी करा. भिंत १५० ची १०५ होईल, शुद्ध कापड २३ चं २३२ होईल. मग `Ctrl+L`, काळा काटा १०५ वर, पांढरा २३२ वर, मधला १.०० वरच. तो हलवायचा मोह आवरा. एकपदरी जाळी बरोबर ६० टक्क्यांवर येऊन बसेल, दुपदरी ८४ वर.

चॅनलवर `Ctrl` धरून क्लिक करा आणि ते सिलेक्शन घेऊन ९७, २३, ३७ चा Solid Color लेयर बनवा. मास्क आपोआप लागेल. बहिणीचं अंग असलेला सगळा भाग मास्कमध्ये काळा करा, तो खालच्या अपारदर्शक लेयरमधून येतोय. म्हणजे ओढणीचा मूळ फोटो आपण वापरतच नाही. तिचा फक्त विरळपणा घेतो आणि रंग नव्याने भरतो.

मोगरा

माझा प्रश्न इथेच विचारते. माझ्याकडे पांढरा व्हेल आहे आणि मागेही पांढरीच भिंत. हीच रीत चालेल ना? भिंत २४५, व्हेलचा दाट भाग २३५ च्या आसपास.

जुनाडबा

मोगरा, अवघड आहे. सगळी माहिती दहा पायऱ्यांत कोंबलेली आहे. त्या ताणून ० ते १०० टक्के केल्या की एकेक पायरी दहा टक्क्यांची होते. व्हेलऐवजी पट्टे आणि दाणेच दिसतील. कडा आणि घड्यांच्या सावल्या असतील तेवढ्या वापरा, बाकी हाताने रंगवावं लागेल. पुन्हा काढता येत असेल तर मागे गडद करडं घ्या.

मोगरा

पुन्हा नाही काढता येणार. बघते हाताने काय होतंय ते.

काजवा

केलं! आकाशावरचा भाग बघून मीच दचकले, आरपार दिसतंय. झाडांवर मोजलं तर ७१, ३०, ३४ आलं. पण दोन भानगडी आहेत. एक, ओढणी संपते तिच्या पुढे डाव्या कोपऱ्यापर्यंत आकाशात फिकट लालसर धूर पसरलाय. दोन, वरच्या मोठ्या घडीवर जिथे लाइटची चमक होती तिथे भोकं पडल्यासारखी दिसतात, आकाश जास्तच डोकावतं.

जुनाडबा

पहिली भानगड भिंतीची. कोपऱ्यात भिंत मोजा, १५० नसणार.

काजवा

१३८ आहे.

जुनाडबा

झालं तर. तिथली मोकळी भिंतच मास्कला ९ टक्के कापड वाटली. मास्कमध्ये काळा ब्रश मारून बाहेरचा धूर जाईल, पण ओढणीच्या आत तीच चूक दडून राहील. म्हणून आधी भिंत सपाट करा. फोटोची प्रत घ्या, त्यातून बहीण आणि ओढणी काढून जागा भिंतीनेच भरा, मग मोठा Gaussian Blur द्या, म्हणजे फक्त उजेडाचा उतार उरेल. हा लेयर मूळ फोटोवर Divide मोडमध्ये ठेवा. भिंत सगळीकडे २५५ होईल. आकडे त्याच प्रमाणात वाढतील, शुद्ध कापडाचा हिरवा २३ चा ३९ होईल. उलटं केल्यावर काटे ० आणि २१६ वर. ही फक्त मास्क बनवण्यापुरती प्रत आहे. भरायचा रंग ९७, २३, ३७ च राहील.

दुसरी भानगड या रीतीची खरी मर्यादा आहे. आपण गृहीत धरलं की कापडाचा रंग सगळीकडे एकच. चमक आली की हिरवा आकडा वाढतो, आणि आपलं गणित त्याला 'इथून भिंत जास्त दिसतेय' समजतं. चमकेतली आणि विरळपणातली वाढ एका फोटोतून वेगळी करता येत नाही, तिथे नजरच लागते. घडी तुटायला नको तिथे मास्कमध्ये आजूबाजूच्याच राखाडीने रंगवून भोक बुजवा. मग चमक परत आणायला वर Screen मोडचा लेयर घ्या आणि मूळ फोटोतून उचललेल्या रंगाने अगदी हलकी रेघ ओढा. जरीकाम असेल तर तेही याच लेयरवर, पण जरीखाली मास्क पूर्ण पांढरा. जरीतून काही दिसत नाही.

कीफ्रेम

व्हिडिओवाला आहे, मधेच तोंड घालतो. हे सगळं गणित लिनिअर प्रकाशात करायला हवं. फोटोशॉपच्या नेहमीच्या आठ बिटांत आकडे गॅमात असतात, तिथे प्रकाशाची बेरीज खरी नसते. आमच्याकडे कंपोझिटमध्ये हे कोणी खपवून घेणार नाही.

आणि दोन पार्श्वभूमींची युक्ती नवी नाही. स्मिथ आणि ब्लिन यांच्या १९९६ च्या ब्लू स्क्रीन मॅटिंगच्या पेपरात तीच आहे: तीच वस्तू दोन माहीत असलेल्या रंगांसमोर टिपायची. वस्तू जागची हलली नाही तर उत्तर नेमकं येतं. वाऱ्यावरच्या ओढणीचे दोन फोटो जुळणं मात्र कठीण.

जुनाडबा

तत्त्वतः तुमचंच खरं. मी काढतोही गॅमात आणि परत लावतोही गॅमात, त्यामुळे चूक बरीचशी आपसात फिटते. पण नवी पार्श्वभूमी जुन्या भिंतीहून खूप उजळ असली तर फरक दिसतो, कापड जरा जड वाटतं. काजवांच्या आकाशावरही वाटेल. मी तेवढ्यापुरता Curves ने उजेड चढवतो. तुम्ही याला जुगाड म्हणाल.

कीफ्रेम

म्हणेनच. :)

फुकटछंदी

एक शंका. ओढणीमागचं तळं थोडं ब्लर नको का करायला? कापडामागचं धूसर दिसतंच ना.

जुनाडबा

नेट असेल तर नको. भोकांतून येणारा प्रकाश सरळ येतो, मागची रेघ रेघच राहते. फक्त धाग्यांचा उजेड वर मिसळल्याने काळं तितकं काळं राहत नाही, आणि ते आपल्या भरलेल्या रंगातून झालेलंच आहे. दाट विणीच्या कापडात थोडं पसरतं खरं.

उंटावरचा

मी ब्लर करतो आणि चांगलं दिसतं. कॅमेऱ्याचा फोकस बहिणीवर असेल तर तळं तसंही धूसरच असणार ना.

जुनाडबा

ते फोकसचं झालं. मग सगळं तळं सारखंच धूसर हवं. फक्त ओढणीमागचं केलंत तर ओढणीच्या आकाराचा धुरकट डाग दिसतो.

काजवा, झाल्यावर एक करा. तळ्याच्या जागी तात्पुरता काळ्यापांढऱ्या तिरक्या पट्ट्यांचा लेयर टाका. पट्टे ओढणीखालून सलग जायला हवेत, एकपदरीत फिके आणि घडीत अजून फिके. कुठे पट्टा अचानक तुटला तर तिथे मास्कमध्ये जुन्या सिलेक्शनची कड राहिलीय.

काजवा

टाकले पट्टे. भोकं बुजली, धूर गेला. फक्त खांद्यावरून ओढणी बाहेर पडते तिथे खांद्याच्या कडेने केसाएवढी उजळ रेघ दिसते. पट्टा पांढरा असेल तिथेच, काळ्यावर नाही.

जुनाडबा

दोन मास्क तिथे एकमेकांना टेकतात. कडेच्या पिक्सेलवर दोन्ही अर्धे अर्धे आहेत, आणि अर्ध्यावर अर्धा ठेवला तरी पाव भाग उघडा राहतो. त्यातून मागचं डोकावतं. अंगाचा मास्क तेवढ्याच जागी एक पिक्सेल बाहेर सरकवा. त्या पिक्सेलमध्ये जुनी भिंत येईल, पण वर ओढणी आहे, दिसणार नाही. पूर्ण अंगाला सरकवू नका, नाहीतर हाताच्या कडेला करडी झालर येईल.

काजवा

गेली रेघ. आता वेगळंच सतावतंय. मूळ फोटोत भिंतीवरून परतलेल्या उजेडाने ओढणीचा मागचा पदर आतून जरा उजळलाय. तळ्याकाठी मागे झाडांचा अंधार आहे, तरी तो पदर उजळच. काळा करू की राहू दे?

कीफ्रेम

काळा कर. मागून उजेड येणारच नाहीये तिथे.

जुनाडबा

आकाश वरून आहे ना, थोडा उजेड येईलच. मी अर्ध्यावर आणला असता आणि रात्रभर ठेवून सकाळी बघितलं असतं.

घाईत_आहे

फायनल टाका की इथे, आम्ही नुसते आकडेच वाचतोय!